ऑगस्टचे रिकामे रकाने शिफारसपत्रात लिहावेत का?

प्रश्न : मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात संशोधनाच्या मास्टर्ससाठी अर्ज करते आहे. एम.एस्सी.ला तिने माझ्याकडे खाडीतल्या तिसऱ्या या शिंपल्यांवर लघुप्रबंध केला, तो सोबत जोडला आहे. तिचा सीजीपीए 7.1 आहे. तिने स्वतःच शिफारसपत्राचा मसुदा करून आणला आणि 'सर, फक्त सही करा' म्हणाली. त्यात ती कष्टाळू, प्रामाणिक आणि आज्ञाधारक असल्याचं लिहिलंय. मला ते पुरेसं वाटत नाही. पण मग लिहायचं काय? तिच्या ऑगस्टच्या आकड्यांत एक मोठी चूक निघाली होती. ती तिनेच शोधून मला दाखवली. ते पत्रात लिहू की झाकू? आजवर मी 26 जणांचे लघुप्रबंध पाहिले आहेत. पोर्टलवर 'वरच्या किती टक्क्यांत' असा तक्ताही भरायचा आहे, त्याचं काय करू?

उत्तर : नमस्कार सर. लघुप्रबंध पूर्ण वाचला, परिशिष्टातल्या महिनावार तक्त्यांसकट. ऑगस्टची गोष्ट झाकू नका. पत्रात सगळ्यात जास्त जागा तिलाच द्या. कारण पुढे येतंच आहे, पण आधी हे पत्र कोणाच्या हाती पडणार ते पाहू. मजकुरात काय घ्यायचं नि काय गाळायचं, ते त्यावरच ठरतं.

नेहमीच्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्ससाठी प्रवेश समिती गुणपत्रिका चाळते, पत्रं वरवर बघते. प्रबंधावर आधारलेल्या मास्टर्सचं तसं नाही. कॅनडात अशा अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला आपल्या प्रयोगशाळेत घ्यायचं कबूल करावं लागतं. विद्यार्थ्याचा खर्चही बऱ्याचदा त्याच प्राध्यापकाच्या संशोधन निधीतून निघतो. तेव्हा तुमचं पत्र वाचणारा माणूस पुढची दोन वर्षं तिच्याबरोबर काम करणार आहे. ती हुशार आहे का, एवढ्यावर त्याचं भागत नाही. हिला एकटीला किनाऱ्यावर पाठवलं तर आणलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईल का, आणि काही बिघडलं तर ती मला येऊन सांगेल का, हे त्याला हवं असतं. 'आज्ञाधारक' हा शब्द इथे उलटा लागतो. सांगितलं तेवढंच करणारी मुलगी, असा त्याचा अर्थ तिकडे लावला जाईल. 'कष्टाळू' आणि 'प्रामाणिक' हे शब्द शंभर पत्रांत असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरून पुढे जाते.

आता ऑगस्टकडे वळू. प्रबंधात ही हकीकत चौथ्या प्रकरणाच्या शेवटी दोन परिच्छेदांत आटोपली आहे, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो. पत्र लिहिताना तुम्हाला हाच क्रम लागेल.

तिने दोन जागा घेतल्या. प्रत्येक जागी किनाऱ्यापासून पाण्याकडे जाताना वरची, मधली आणि खालची अशा तीन पातळ्या, आणि दर पातळीवर 50 सेंटिमीटर बाय 50 सेंटिमीटरच्या तीन चौकटी. म्हणजे महिन्याला 18 चौकटी. चौकटीतला गाळ खणून 1 मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा, तिसऱ्या मोजायच्या आणि संख्येला चारने गुणून दर चौरस मीटरचा आकडा काढायचा. जुलैत तिला वरच्या पातळीवर सरासरी 4, मधल्या पातळीवर 16 आणि खालच्या पातळीवर 40 तिसऱ्या मिळाल्या. तिन्हींची सरासरी 20. ऑगस्टची सरासरी एकदम 9 वर आली.

निम्म्याहून खाली घसरलेल्या या आकड्याला कारणही लगेच हाताशी होतं. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी येतं. तिच्याच नोंदीत ऑगस्टची क्षारता दर हजारी 4 भागांपर्यंत उतरलेली आहे. पहिल्या मसुद्यात तिने तसंच लिहिलं होतं, की गोड्या पाण्याने तिसऱ्या मेल्या. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबले असते, आणि बहुतेक मार्गदर्शकांनीही ते मान्य केलं असतं, कारण विधान पटण्यासारखं आहे.

ती अडली ती रिकाम्या शिंपल्यांवर. तिसरी मेली की आतलं मांस जातं, पण दोन्ही कवचं बिजागरीला जोडलेली, उघडी अशी काही काळ गाळात राहतात. निम्म्याहून जास्त तिसऱ्या मेल्या असतील तर चाळणीत अशा जोडशिंपल्या नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त यायला हव्या होत्या. तिच्या वहीत त्या जुलैइतक्याच होत्या. मग तिने फेरीची तारीख पंचांगात पाहिली. अष्टमी होती, म्हणजे भांगाचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं ओसरतं तितकं भांगाला ओसरत नाही. हे आपल्याकडे तिसऱ्या काढायला जाणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. त्या दिवशी खालची पातळी उघडी पडलीच नव्हती. त्या पातळीच्या सहा चौकटी घेतल्याच गेल्या नाहीत, आणि तक्त्यात ते सहा रकाने रिकामे राहिले.

चूक झाली ती याच्या पुढच्या पायरीवर. एक्सेलमधलं `AVERAGE` हे सूत्र रिकामे रकाने शून्य धरत नाही, ते सरळ सोडून देतं. त्यामुळे ऑगस्टची सरासरी 18 ऐवजी 12 चौकटींवर निघाली, आणि त्या बाराही चौकटी कमी तिसऱ्या असलेल्या वरच्या दोन पातळ्यांच्या होत्या. वरची 4, मधली 14, सरासरी 9. सूत्राने कुठेही धोक्याची खूण दाखवली नाही. तिने मग जुलैचे आकडेही फक्त वरच्या दोन पातळ्यांपुरते काढले. 4 आणि 16, सरासरी 10. म्हणजे जिथे तुलना करता येते तिथे घट 10 वरून 9 एवढीच. खालच्या पातळीचं ऑगस्टमध्ये काय झालं ते या माहितीतून कळत नाही, आणि तिने तसंच लिहिलं. 'गोड्या पाण्याने मेल्या' हे वाक्य काढून टाकलं आणि बाराही महिन्यांच्या फेऱ्यांच्या तिथी परत तपासल्या.

सर, संशोधनाच्या मास्टर्ससाठी याहून चांगला पुरावा मिळणं कठीण. आपल्याला सोयीच्या निष्कर्षावर तिने शंका घेतली. शंकेला आधार म्हणून तिच्याकडे मोजलेली गोष्ट होती. मूळ कारण सापडेपर्यंत ती मागे गेली, आणि माहिती जिथे संपते तिथे थांबली. गुणपत्रिकेत यातलं काहीच दिसत नाही. आणि हे पाहिलेला माणूस फक्त तुम्ही आहात.

'चूक लिहिली तर तिचं नुकसान होईल' ही तुमची भीती समजते. पण नुकसान व्हायचंच तर ते चूक कशी सांगितली यावरून होतं. 'सुरुवातीला काही त्रुटी होत्या, त्या नंतर सुधारल्या' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की त्रुटी तुम्ही दाखवल्या आणि तिने निमूट दुरुस्त केल्या. कोणी काय केलं हे प्रत्येक वाक्यात स्पष्ट हवं. आपल्याकडच्या पत्रांत 'आम्ही' फार येतं. 'आम्ही दोन जागा निवडल्या, आम्ही विश्लेषण केलं.' घरात-दारात हा नम्रपणा शोभतो. शिफारसपत्रात मात्र त्या 'आम्ही'मध्ये विद्यार्थी हरवतो. पत्र लिहायच्या आधी कागदावर दोन रकाने करा, एकीकडे तुमची कामं, दुसरीकडे तिची. प्रस्तावनेवरून असं दिसतं की विषय आणि दोन्ही जागा तुम्ही सुचवल्या होत्या, आणि मधली पातळी तिने पहिल्या फेरीनंतर वाढवली. हे असंच लिहा. विषय तुमचा होता हे सांगितल्याने तिचं काही कमी होत नाही. उलट बाकीच्या ओळी खऱ्या वाटतात.

ऑगस्टचा परिच्छेद कसा दिसावा याचा नमुना देतो. पत्र इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत नीट बसवलं की इंग्रजी सोपं होतं. वाक्यं छोटी, भूतकाळात, आणि प्रत्येकाला कर्ता.

*'वर्षभराच्या माहितीत ऑगस्ट महिन्यात मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स या शिंपलीची सरासरी घनता दर चौरस मीटर 20 वरून 9 वर आल्याचे दिसले. मोसमी पावसाने क्षारता उतरल्यामुळे शिंपल्या मेल्या, असे तिने पहिल्या मसुद्यात लिहिले आणि मीही ते मान्य केले. दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे परत आली. मेलेल्या शिंपल्यांची रिकामी कवचे वाढलेली नाहीत, हे तिच्या लक्षात आले होते. तिने फेऱ्यांच्या तारखा भरती-ओहोटीशी ताडून पाहिल्या. ऑगस्टची फेरी नीप टाइडच्या दिवशी झाली होती आणि सर्वांत खालची पातळी पाण्याखाली राहिली होती, हे तिने दाखवून दिले. फक्त वरच्या दोन पातळ्यांची तुलना केल्यावर घट 10 वरून 9 एवढीच उरली. तिने मृत्यूचा निष्कर्ष मागे घेतला आणि खालच्या पातळीबद्दल काही सांगता येत नाही, असे प्रबंधात नमूद केले. हे मी तिला करायला सांगितले नव्हते.'*

यात 'दोन आठवड्यांनी' आणि 'मीही ते मान्य केले' हे तुमच्या आठवणीशी जुळवून घ्या. तुम्ही मान्य केलं नसेल, नुसतं वाचायचं राहिलं असेल, तर तसं लिहा. मार्गदर्शकाच्या नजरेतून निसटलेली गोष्ट विद्यार्थिनीने पकडली, हे सांगायला थोडं मन मोठं करावं लागतं, पण परिच्छेदाची ताकद त्यातच आहे. शेवटचं छोटं वाक्य खरं असेल तरच ठेवा. विशेषणं कुठेही नाहीत, हेही पाहा. 'चिकित्सक', 'सूक्ष्म निरीक्षण असलेली' हे वाचणारा आपणच म्हणेल.

तिचा अर्ज पूर्व किनाऱ्यावर आहे ही चांगली गोष्ट आहे. त्या भागातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो, जगात सर्वांत जास्त. ओहोटीच्या वेळा पाहून फेऱ्या आखणं हे तिथल्या लोकांचं रोजचं काम, त्यामुळे नीप टाइडची चूक काय असते हे त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. तरीही तिचं उष्ण प्रदेशातल्या खाडीचं काम तिथल्या थंड किनाऱ्याला 'थेट लागू' आहे असं लिहू नका. प्राणी वेगळे, हंगाम वेगळे. लागू पडतं ते पातळ्यांनुसार नमुने घेणं, राहून गेलेल्या नमुन्यांचा हिशेब ठेवणं आणि चिखलात उभं राहून वेळेत काम उरकणं. तेवढंच म्हणा.

पत्राची लांबी दीड पान, इंग्रजीत साधारण 600 ते 700 शब्द. सुरुवातीला तीन-चार ओळींत तुम्ही तिला कधीपासून आणि कोणत्या नात्याने ओळखता ते. वर्गात शिकवलंत की फक्त लघुप्रबंधाला मार्गदर्शन केलंत, आठवड्याला किती वेळा भेट व्हायची, यावरून तुमच्या शब्दाला वजन किती द्यायचं ते ठरतं. मग प्रबंधाचा प्रश्न आणि पद्धत एका परिच्छेदात, त्यानंतर ऑगस्ट. महाविद्यालयाचा इतिहास, नॅकची श्रेणी, तुमचे स्वतःचे शोधनिबंध यांना जागा देऊ नका. तिचे बाकीचे दोन शिफारसकर्ते वर्गातल्या कामाबद्दल लिहितील, तो भाग त्यांच्यावर सोडा. तिने त्यांतलं एक पत्र प्राचार्यांकडून घ्यायचं ठरवलं असेल तर तिला थांबवा. पद मोठं असलं तरी ज्यांनी तिचं काम पाहिलेलं नाही त्यांच्या पत्रात सांगण्यासारखं काही येत नाही, आणि ते पहिल्या चार ओळींत कळतं. प्रात्यक्षिकांना रोज समोर असलेले तरुण सहायक प्राध्यापक इथे जास्त उपयोगाचे.

लेखनाबद्दल एक परिच्छेद जरूर घाला. परदेशी प्राध्यापकाला आपल्याकडच्या प्रबंधांबद्दल एक शंका असतेच, की हे इंग्रजी कोणाचं? तुमच्याकडे तिचे मसुदे असतील. मसुदे किती झाले, तुम्ही भाषा दुरुस्त केलीत की फक्त मुद्दे, चर्चेचं प्रकरण तिने स्वतः पुन्हा लिहिलं का, हे सांगा. प्रबंधात भाषा काही ठिकाणी अडखळते, पण आकृत्यांखालची वाक्यं आणि तक्त्यांची शीर्षकं नेमकी आहेत. 'तिचं इंग्रजी उत्कृष्ट आहे' या वाक्यापेक्षा 'पद्धतीचं प्रकरण वाचून दुसरा कोणीही तीच फेरी पुन्हा करू शकेल' हे वाक्य जास्त कामाचं, आणि ते खरंही आहे.

7.1 बद्दल फार बोलू नका. गुणपत्रिका त्यांच्यापुढे असणारच. एखाद्या सत्रात गुण उतरण्यामागे घरची अडचण असेल आणि तुम्हाला माहीत असेल, तरी तिला विचारल्याशिवाय पत्रात आणू नका. ती तिची खाजगी गोष्ट आहे आणि सांगायची तर तिने स्वतःच्या निवेदनात सांगावी. तुम्ही एक वाक्य लिहू शकता, की लेखी परीक्षेतले तिचे गुण मध्यम आहेत आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामात ती त्याहून पुष्कळ वरची आहे. पुढचं ऑगस्टच्या परिच्छेदावर सोपवा.

एक मर्यादाही लिहा. जिच्यात काहीच कमी नाही अशा विद्यार्थिनीचं पत्र कोणी खरं मानत नाही. पण मर्यादा अशी निवडा जी पाहून पुढचा प्राध्यापक काही करू शकेल. तिच्या प्रबंधात सांख्यिकी विश्लेषण सरासरी, प्रमाण विचलन आणि दोन गटांच्या साध्या तुलनेपुरतं आहे. सगळं एक्सेलमध्ये केलंय, `R` वापरलेलं नाही. तसं सांगा, आणि ते तिला पहिल्या सत्रात शिकावं लागेल असंही लिहा. 'ती थोडी लाजाळू आहे' यासारखं वाक्य मात्र लिहू नका. त्यावर कोणाला काही करता येत नाही आणि वाचणाऱ्याच्या मनात ते उगाच राहतं.

आता तक्ता. बऱ्याच पोर्टलवर वरचे 1 टक्का, 5 टक्के, 10 टक्के, 25 टक्के असे पर्याय असतात, आणि बुद्धी, स्वतंत्र काम, लेखन, सांघिक काम अशा ओळी. आपल्याकडून जाणाऱ्या पत्रांत सगळीकडे 1 टक्क्यावर खूण केलेली असते. तुमच्या बाबतीत ते गणितातच बसत नाही. 26 जणांतला पहिला आला तरी तो सुमारे 4 टक्क्यांत असतो. दुसरा सुमारे 8 टक्क्यांत. तिसरा साडेअकरा टक्क्यांत, म्हणजे '10 टक्के' या घरातही तो नीट बसत नाही. तेव्हा प्रत्येक ओळीसाठी त्या 26 जणांना डोळ्यासमोर आणा आणि तिचा क्रमांक ठरवा. आकड्यांची छाननी करण्यात ती पहिली असेल तर 5 टक्क्यांवर खूण करा. लेखनात पाचवी-सहावी असेल तर 25 टक्क्यांवर. जे तुम्ही पाहिलेलंच नाही, उदाहरणार्थ तिने लघुप्रबंध एकटीने केला असेल तर सांघिक काम, तिथे 'मत देण्याइतकी माहिती नाही' हा पर्याय वापरा. तो त्यासाठीच असतो. आणि पत्राच्या मजकुरात आधार सांगा. 'मी मार्गदर्शन केलेल्या 26 जणांत आकडे तपासण्याच्या बाबतीत ती पहिली' हे एक वाक्य खुणांच्या अख्ख्या रांगेपेक्षा जास्त बोलतं. वेगवेगळ्या घरांतल्या खुणा पाहून वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही विचार करून भरलंय, आणि मग 5 टक्क्यांवरची ती एक खूण तो खरी मानतो.

राहिला तिचा मसुदा. त्यावर सही करू नका, पण तिला रागावूही नका. तिला कोणीतरी हीच पद्धत असते म्हणून सांगितलं असणार. विद्यार्थ्याने लिहिलेलं पत्र ओळखू येतं. निवेदन आणि शिफारसपत्रं एकाच घाटाची दिसतात, तेच आवडते शब्द तिन्हीकडे येतात, आणि शिक्षकालाच माहीत असणारी एकही गोष्ट त्यात नसते. तशी शंका आली की तुमचंच नव्हे, तिच्या अर्जातलं प्रत्येक पत्र संशयात जातं. मसुद्याऐवजी तिच्याकडून तीन गोष्टी मागा. अभ्यासक्रमाचं पान आणि ज्यांच्याकडे काम करायचंय त्या प्राध्यापकांचं नाव, तिच्या निवेदनाचा मसुदा, आणि लघुप्रबंधात तिने स्वतः केलेल्या कामांची तारखांसह यादी. या यादीतून तुम्ही विसरलेले तपशील परत मिळतील. फेऱ्यांची वही मिळाली तर तीही मागून घ्या. पत्रातला प्रत्येक आकडा वहीवरून किंवा प्रबंधावरून उतरवा, आठवणीतून लिहू नका. तोच प्रबंध त्या प्राध्यापकांनी मागवून घेतला आणि पत्रात 9 च्या जागी 8 दिसला, तर हे सगळं पत्र आकड्यांच्या काटेकोरपणाबद्दल आहे हे लक्षात घ्या.

पोर्टलची लिंक तिच्या अर्जातून आपोआप तुमच्या ईमेलवर येते, म्हणून तिला तुमचा महाविद्यालयाचा ईमेल पत्ता द्या. जीमेलचा पत्ता काही विद्यापीठं घेत नाहीत, काही तुमची ओळख पटवायला वेगळी कागदपत्रं मागतात. लिंक किंवा पासवर्ड तिच्या हाती देऊन 'तूच चढव' असं करू नका. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र, खाली सही, हुद्दा आणि फोन, मग पीडीएफ. शिक्का मारलात तरी चालेल, पण तिकडे तो कोणी मागत नाही. चढवण्याआधी पीडीएफ पुन्हा उघडून दुसऱ्या विद्यापीठाचं नाव तर राहिलं नाही ना, ते पाहा. बहुतेक पोर्टलवर एकदा पाठवलेलं पत्र बदलता येत नाही.

पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी मुदती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, आणि शिफारसपत्राची मुदत कधी अर्जाचीच असते, कधी आठवडा-दोन आठवडे पुढची. तिच्याकडून दोन्ही तारखा लिहून घ्या. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ. हिवाळ्यात हॅलिफॅक्सला रात्रीचे 12 वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. त्या भरवशावर मात्र राहू नका, वीज आणि नेट त्याच सकाळी जाऊ शकतं. निदान पाच दिवस आधी पत्र चढवा. लिंक आली नाही तर आधी स्पॅम पाहा, तिथेही नसेल तर तिला पोर्टलवरून स्मरणपत्र पुन्हा पाठवायला सांगा. पत्र पोहोचल्याची पोच आली की तिला एका ओळीचा मेसेज करा. तिच्या अर्जाच्या पानावर तिसऱ्या पत्रापुढे 'प्राप्त' असं दिसेपर्यंत तिला झोप लागणार नाही.